नोकरी सोडतानाचा हिशेब: फुल अँड फायनलचा कागद ओळीओळीने

राजीनामा दिला, शेवटचा दिवस झाला, लॅपटॉप जमा केला की काही दिवसांनी एचआरकडून एका पानाची पीडीएफ येते. तिच्या तळाशी एक निव्वळ रक्कम असते आणि बहुतेक जण तेवढीच वाचतात. ती रक्कम बरोबर आहे की नाही, हे वरच्या ओळी पाहिल्याशिवाय कळत नाही. खराडी, मगरपट्टा, बाणेर, हिंजवडी या भागांत नोकऱ्या बदलण्याचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे हा कागद हजारो घरांत येतो. तो नीट वाचला तर किती फरक पडतो, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक चूक प्रत्यक्ष हिशेबांत होते तशीच घेतली आहे.

एक बाई खराडीतल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात काम करतात. त्या 2 सप्टेंबर 2019 रोजी रुजू झाल्या. महिन्याचा पगार 60,000 रुपये आहे. त्यात बेसिक 36,000, घरभाडे भत्ता 18,000 आणि प्रवास भत्ता 6,000. नेमणूकपत्रात नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे. त्यांनी 12 मार्च 2026 रोजी राजीनामा दिला आणि 20 एप्रिलला शेवटचा दिवस ठरला. मार्चचे 20 आणि एप्रिलचे 20, असे 40 दिवस नोटीस भरली गेली आणि 20 दिवस कमी पडले. खात्यावर 24 दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचे 12,000 रुपये फेडायचे आहेत. कामानिमित्त केलेल्या प्रवासाची 3,200 रुपयांची बिले मंजूर होऊन पडली आहेत. लॅपटॉप परत केला, चार्जर मात्र हरवला.

कंपनीने पाठवलेल्या पहिल्या कागदावर निव्वळ देय रक्कम 1,31,835 रुपये लिहिली आहे. बाईंना प्रत्यक्षात मिळायला हवेत 1,75,805. म्हणजे 43,970 रुपयांचा फरक, आणि तो फक्त तीन ओळींत लपलेला आहे.

आधी सरळ ओळी. एप्रिलचे 20 दिवस काम झाले आणि महिना 30 दिवसांचा, म्हणून बेसिक 24,000, घरभाडे 12,000, प्रवास भत्ता 4,000, मिळून 40,000. इथे एकच गोष्ट पाहायची: कंपनी पगाराला कितीने भागते? काही ठिकाणी महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी म्हणजे 30 किंवा 31 ने, काही ठिकाणी नेहमी 30 ने, काही ठिकाणी 26 ने. कुठलाही भाजक असला तरी तोच तुम्हाला देताना आणि तुमच्याकडून घेताना लागला पाहिजे. पगार देताना 31 ने भागायचे आणि नोटिशीची वसुली करताना 26 ने, असा कागद आला तर त्याच ओळीवर बोट ठेवा.

भविष्यनिर्वाह निधीची कपात या कंपनीत पूर्ण बेसिकवर 12 टक्के आहे, म्हणून 24,000 वर 2,880. अनेक कंपन्या 15,000 ची मर्यादा धरून महिन्याला 1,800 कापतात, तेही नियमाला धरून आहे. तुमच्या मागच्या पगारपत्रकांत जी पद्धत आहे तीच इथे असायला हवी. रजेच्या पैशांवर मात्र पीएफ कापला जात नाही. मणिपाल अकॅडमीच्या प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. व्यवसाय कर, म्हणजे सगळे ज्याला पीटी म्हणतात तो, महाराष्ट्रात या पगाराला महिन्याला 200 रुपये आहे आणि फेब्रुवारीत 300. महिलांना दरमहा 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही, पण या बाईंचा एप्रिलचा पगार त्याहून जास्त असल्याने 200 रुपये कापणे बरोबर आहे.

आयकराच्या ओळीत या उदाहरणात शून्य आहे, कारण नवे आर्थिक वर्ष नुकते सुरू झाले आणि या कंपनीकडून मिळणारी करपात्र रक्कम फार थोडी. जानेवारीत नोकरी सोडणाऱ्याच्या कागदावर मात्र हीच ओळ सगळ्यात मोठी असू शकते, कारण वर्षभराचा राहिलेला कर शेवटच्या पगारातून एकदम कापला जातो. अशा वेळी रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी करमुक्त धरली आहे का, ते पाहा. खासगी नोकरीतल्या माणसाला रजेच्या रोखीकरणावर आयुष्यभरात मिळून 25 लाखांपर्यंत आणि ग्रॅच्युइटीवर 20 लाखांपर्यंत सूट मिळू शकते. प्रत्यक्षात किती रक्कम सुटते हे सूत्राने ठरते, पण राजीनामा देऊन बाहेर पडताना मिळालेल्या रजेच्या पैशांनाही ती सूट आहे. पुष्कळ पेरोल विभाग सगळेच करपात्र धरून कर कापून टाकतात आणि मग माणसाला परताव्यासाठी विवरणपत्र भरेपर्यंत थांबावे लागते.

आता ज्या तीन ओळींत पैसे गेले त्यांच्याकडे वळू.

पहिली ओळ नोटीस वसुलीची. कंपनीने 20 दिवसांसाठी 40,000 रुपये लावले, म्हणजे पूर्ण 60,000 च्या पगाराला 30 ने भागून 20 ने गुणले. पण त्याच कागदावर रजेचे पैसे देताना 24 दिवसांसाठी 28,800 दिले आहेत, म्हणजे तिथे 36,000 चे बेसिक धरले. घेताना ग्रॉस आणि देताना बेसिक, हा या कागदांतला सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे आणि तो कायम एकाच बाजूला झुकतो. याचा निवाडा नेमणूकपत्रात असतो. नोटीस पिरियडच्या कलमात 'बेसिक', 'ग्रॉस' की नुसते 'वेतन' लिहिले आहे, ते शोधा. बाईंच्या पत्रात स्पष्टपणे बेसिक लिहिलेले आहे. म्हणून वसुली 24,000 व्हायला हवी होती आणि 16,000 रुपये जादा कापले गेले. पत्रात ग्रॉस असते तर कंपनीची बाजू बरोबर ठरली असती. तेव्हा आधी पत्र उघडा आणि मगच भांडा.

इथेच एक पर्याय फार जण विसरतात. शिल्लक रजा नोटिशीत वळती करता येते, पण त्याला कंपनीची संमती लागते आणि ती शेवटच्या दिवसाआधी ईमेलवर घ्यावी लागते. बाईंच्या 24 पैकी 20 रजा नोटिशीत गेल्या असत्या तर वसुली शून्य झाली असती आणि उरलेल्या चार दिवसांचे 4,800 रुपये मिळाले असते. वसुली आणि रोखीकरण दोन्ही बेसिकवर असतील तर याने काहीच फरक पडत नाही, कारण 28,800 वजा 24,000 म्हणजेही 4,800 च. पण ज्या कंपनीत वसुली ग्रॉसवर आणि रजा बेसिकवर असते तिथे रजा वळती करणे नेहमीच फायद्याचे. याच आकड्यांवर ग्रॉसची वसुली झाली असती तर 28,800 मिळून 40,000 गेले असते, म्हणजे 11,200 रुपये खिशातून. राजीनामा देण्याच्या दिवशीच हे दोन आकडे मांडून पाहावेत.

दुसरी ओळ जीएसटीची. नोटीस वसुलीच्या खाली 18 टक्क्यांनी 7,200 रुपये लावलेले आहेत. हे चूक आहे. अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात, म्हणजे क्रमांक 178/10/2022 मध्ये, स्पष्ट केले आहे की नोटीस न भरता गेलेल्या कर्मचाऱ्याकडून घेतलेली रक्कम ही कुठल्या सेवेचा मोबदला नाही. कर्मचाऱ्यांनी मध्येच सोडून जाऊ नये म्हणून ठेवलेली ती तरतूद आहे, म्हणून तिच्यावर जीएसटी नाही. परिपत्रकापूर्वी या मुद्द्यावर गोंधळ होता आणि जुन्या पेरोल सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ तशीच राहून गेलेली दिसते. ईमेलमध्ये परिपत्रकाचा क्रमांक घातला की बहुधा ही ओळ वाद न होता निघते.

तिसरी ओळ ग्रॅच्युइटीची, आणि सगळ्यात मोठी रक्कम तिथेच आहे. सूत्र सोपे आहे: शेवटचे वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षे. 26 ने भागतात कारण महिन्यात कामाचे दिवस तेवढे धरलेले आहेत. बाईंचे एका वर्षाचे 20,769 रुपये होतात. कंपनीने सहा वर्षे धरून 1,24,615 लिहिले. पण बाईंची सेवा सहा वर्षे आणि साडेसात महिन्यांहून जास्त झाली आहे. सहा महिन्यांहून अधिक असलेला अपुरा भाग कायद्याने पूर्ण वर्ष धरायचा असतो. म्हणून वर्षे सात आणि रक्कम 1,45,385. एका शब्दाची चूक, वीस हजारांची किंमत. राजीनामा देताना तारीख तुमच्या हातात असेल तर हा सहा महिन्यांचा उंबरठा पाहून ती ठरवा. सहा वर्षे पाच महिने झालेल्या माणसाने आणखी महिन्याहून थोडे जास्त थांबणे म्हणजे पंधरा दिवसांचे जादा वेतन मिळवणे.

सर्वसाधारण कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना मात्र 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एका वर्षानंतरही ती मिळू शकते. पुण्यातल्या कारखान्यांत आणि आयटी कंपन्यांत करारावरचे लोक बरेच आहेत, त्यांनी ही ओळ कोरी पाहून गप्प बसू नये.

त्याच संहितेने 'वेतन' कशाला म्हणायचे हेही बदलले आहे. घरभाडे, प्रवास भत्ता, मालकाचा पीएफ यांसारखे काही ठरावीक घटक वेतनात धरायचे नाहीत, पण त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर जादा भाग वेतनात मिळवायचा. बाईंचे दोन भत्ते मिळून 24,000 होतात, ते 60,000 च्या निम्म्याखाली आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत वेतन म्हणजे बेसिकच राहते. पण पुष्कळ पगारपत्रकांत बेसिक तीस-पस्तीस टक्के आणि 'स्पेशल अलाउन्स' नावाचा मोठा आकडा असतो. वगळलेल्या घटकांच्या यादीत त्या नावाचा भत्ता नाही. तुमच्या कागदावर तसे असेल तर ग्रॅच्युइटी कोणत्या वेतनावर काढली, हे लेखी विचारा. माझ्या मते येत्या काळात सर्वाधिक वाद याच ओळीवर होतील.

उरलेल्या वसुल्या किरकोळ दिसतात, पण त्या कागदोपत्री सिद्ध झाल्या पाहिजेत. कर्जाच्या 12,000 ला हप्त्यांचे पत्रक हवे. हरवलेल्या चार्जरचे 2,500 रुपये बाईंनी मान्य केले. लॅपटॉपवर ओरखडा आहे म्हणून पूर्ण नव्या लॅपटॉपची किंमत लावली तर मात्र मान्य करू नये. वस्तू किती वर्षांची, तिची घसारा वजा जाता किंमत किती, आणि जमा करताना पावती कोणी दिली, हे विचारावे. जमा करतानाच फोटो काढून ठेवले तर ही चर्चा सुरूच होत नाही.

काहींच्या कागदावर आणखी एक मोठी वसुली दिसते, ती बाँडची किंवा जॉइनिंग बोनस परत घेण्याची. विजया बँकेच्या प्रकरणात मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सरकारी बँकेला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा खर्च येतो, हे त्यात महत्त्वाचे मानले गेले. म्हणजे बाँड आपोआप बेकायदा असतो हा समज चुकीचा आहे. पण रक्कम वाजवी हवी आणि ती तुम्ही सही केलेल्या कागदात लिहिलेली हवी. नंतर आलेल्या एखाद्या पॉलिसीच्या आधारे लावलेल्या वसुलीला आधी त्या सहीचा कागद मागा.

दुरुस्त केलेला कागद असा दिसायला हवा:

कमाई
बेसिक, 20 दिवस: 24,000
घरभाडे भत्ता, 20 दिवस: 12,000
प्रवास भत्ता, 20 दिवस: 4,000
अर्जित रजा, 24 दिवस, बेसिक भागिले 30: 28,800
मंजूर प्रवास बिले: 3,200
एकूण: 72,000

कपात
पीएफ, 24,000 वर 12 टक्के: 2,880
व्यवसाय कर: 200
आयकर: 0
एकूण: 3,080

वसुली
नोटीस, 20 दिवस, बेसिक भागिले 30: 24,000
कर्जाची बाकी: 12,000
चार्जर: 2,500
एकूण: 38,500

वेतनाचे निव्वळ देय: 30,420

ग्रॅच्युइटी (स्वतंत्र), 36,000 × 15 ÷ 26 × 7: 1,45,385

दोन्ही मिळून: 1,75,805

प्रत्येक ओळीत दिवस, आधार आणि भाजक लिहिलेला आहे, हे पाहा. नुसता आकडा असलेली ओळ तपासता येत नाही. ग्रॅच्युइटी वेगळी मांडण्यालाही कारण आहे. तिची मुदत आणि कायदा वेगळे आहेत, आणि ती जप्त करण्याची कारणे कायद्याने मोजकी ठरवली आहेत, जसे मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल बडतर्फी. नोटीस कमी पडणे त्यांत येत नाही. ग्रॅच्युइटी आणि वेतन एकाच बेरजेत मिसळले की वसुली कशातून झाली, हे कळेनासे होते.

रजेच्या ओळीबाबत एक गोष्ट महाराष्ट्रापुरती. दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खाली येणाऱ्या आस्थापनांत 20 दिवस कामामागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि 45 दिवसांपर्यंत ती साठवता येते. कंपनीच्या पोर्टलवर 24 दिसत असेल आणि कागदावर 15 आले असेल, तर शेवटच्या दिवशीच्या रजेच्या पानाचा स्क्रीनशॉट लागतो. लॉगिन बंद झाल्यावर तो मिळत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यातच रजेचे पान, सगळी पगारपत्रके आणि नेमणूकपत्र स्वतःकडे उतरवून घ्या.

मुदतींचे काय? वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. बाईंच्या बाबतीत 22 एप्रिलपर्यंत. पूर्वीचा वेतन प्रदान कायदा महिन्याला 24,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच लागू होता, आता व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकही यात येतात. 45 दिवसांनी हिशेब होईल, असे सांगणाऱ्या कंपन्या जुन्या सवयीने बोलत आहेत. ग्रॅच्युइटीला 30 दिवस आहेत, म्हणजे 20 मेपर्यंत, आणि त्यानंतर साधे व्याज लागते. 1972 च्या कायद्याखाली तो दर 10 टक्के ठरवलेला होता.

पीएफचे जमलेले पैसे या कागदावर येतच नाहीत, ते भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात असतात. तिथे फक्त शेवटच्या दिवसाची तारीख कंपनीने नोंदवली आहे का, एवढे पाहा. ती नोंदली नसेल तर खाते नव्या नोकरीत नेताना किंवा रक्कम काढताना अडते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की पोर्टलवर ती तारीख कर्मचाऱ्याला स्वतःही भरता येते.

चूक सापडली की फोन करू नका, ईमेल करा. ओळीचे नाव, कंपनीचा आकडा, तुमचा आकडा आणि आधार, म्हणजे नेमणूकपत्राचे कलम किंवा परिपत्रक, एवढे चार मुद्दे प्रत्येक ओळीसाठी पुरतात. 'सर्व रक्कम मिळाली, काही देणे उरले नाही' अशा मजकुरावर दुरुस्तीआधी सही करू नका. रिलीव्हिंग लेटरसाठी सही करावीच लागली, तर त्याच दिवशी ईमेल पाठवून ग्रॅच्युइटी, नोटीस वसुली आणि जीएसटी या तीन ओळींबद्दलचा आक्षेप कायम असल्याचे लिहा.

कंपनीने दाद दिली नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते. सोबत नेमणूकपत्र, शेवटची तीन पगारपत्रके, रजेचे पान, कंपनीचा कागद आणि तुमचा दुरुस्त हिशेब जोडा. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो वेतनाच्या तक्रारीत मिसळू नका. वेतन संहितेखाली दावा करण्याची मुदत, रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षे आहे.